मेल येते, पण जात नाही: पुन्हा पुन्हा पासवर्ड मागणाऱ्या खिडकीचं करायचं काय?

पासवर्डची छोटी खिडकी उघडते, आपण पासवर्ड टाकतो, ओके दाबतो आणि दोन सेकंदांत तीच खिडकी पुन्हा समोर. मग आपण एकेक अक्षर जपून टाइप करतो, कॅप्स लॉक बघतो. खिडकी परत येतेच. चौथ्या-पाचव्या वेळेला बहुतेक जण पासवर्डच बदलून टाकतात आणि एकाऐवजी दोन घोळ करून बसतात.

ही खिडकी फसवी आहे. ‘तुमचा पासवर्ड चुकला’ असं ती सांगतेय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मेलच्या प्रोग्रॅमला एवढंच कळलेलं असतं की सर्व्हरने आत घेतलं नाही. का घेतलं नाही, हे त्याला नीट उमगत नाही, म्हणून त्याला विचारता येण्यासारखी जी एक गोष्ट आहे ती तो विचारतो. पासवर्ड बरोबर असताना युजरनेम अपुरं असू शकतं, लॉगिनची पद्धत जुनी असू शकते, सर्व्हरने तुम्हाला तात्पुरतं बाहेर ठेवलेलं असू शकतं. खिडकी मात्र तीच.

म्हणून पासवर्ड बदलायच्या आधी, ब्राउझरमध्ये जाऊन त्याच पत्त्याने आणि त्याच पासवर्डने वेबमेल उघडा. ब्राउझरला पासवर्ड आपोआप भरू देऊ नका, हाताने टाका. तिथे आत गेलात, तर पासवर्ड ठीक आहे आणि दोष बहुधा प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही नाही जमलं तरच पासवर्ड बदलायचा. या एका तपासणीत अर्धा गुंता सुटतो.

उदाहरणं मी थंडरबर्डची देतो, कारण त्यात सगळी सेटिंग उघडी दिसतात. दुसरा कुठलाही प्रोग्रॅम असला तरी रकाने हेच असतात, फक्त मेनू वेगळे.

पासवर्ड मागतंय कोण?

नवख्या माणसाला सहसा माहीत नसतं की एका मेल खात्यामागे दोन वेगळी दारं असतात. मेल आणणारं एक, त्याचं नाव आयमॅप (काहींकडे अजून पॉप). मेल पाठवणारं दुसरं, ते एसएमटीपी. दोन्हींचे सर्व्हर वेगळे असू शकतात, पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचे नंबर वेगळे असतातच, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रोग्रॅममध्ये दोन्हींचं युजरनेम आणि पासवर्ड वेगवेगळे साठवलेले असतात. एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही. ‘मेल येते पण जात नाही’ हे कोडं वाटतं ते यामुळे.

खिडकी आली की घाई न करता तिच्यावरचा मजकूर वाचा. त्यात सर्व्हरचं नाव असतं: `imap.` ने सुरू होणारं असेल तर येणाऱ्या मेलचा प्रश्न, `smtp.` असेल तर जाणाऱ्या. काही होस्टिंगवाले दोन्हींना `mail.` असंच नाव देतात, तेव्हा खिडकी कधी येते यावर लक्ष ठेवा. ‘पाठवा’ दाबल्यावरच येत असेल तर ती एसएमटीपीची.

थंडरबर्डमध्ये येणाऱ्या मेलची सेटिंग खात्याच्या नावाखाली `Server Settings` मध्ये असतात. जाणाऱ्या मेलची तिथे नसतात. ती त्याच डाव्या यादीच्या अगदी तळाशी, `Outgoing Server` ने सुरू होणाऱ्या ओळीत दडलेली असतात. लोक वरचंच पान पन्नास वेळा तपासतात आणि तळाची ती ओळ उघडतच नाहीत.

चार रकाने

दोन्ही ठिकाणी तपासायचे रकाने चारच: युजरनेम, पोर्ट, कनेक्शनची सुरक्षितता आणि लॉगिनची पद्धत.

युजरनेममध्ये पूर्ण मेल पत्ता हवा, `info` नव्हे तर `info@example.com`. काही जुने सर्व्हर नुसत्या पहिल्या भागावर चालायचे, पण आता तो भरवसा नको. पत्त्याच्या शेवटी चिकटलेली रिकामी जागाही घात करते. कॉपी-पेस्ट केलं असेल तर कर्सर ओळीच्या टोकाला नेऊन बघा.

पोर्ट आणि सुरक्षितता ही जोडी आहे, एकट्याला अर्थ नाही. येणाऱ्या मेलसाठी आयमॅपचं पोर्ट 993 आणि सोबत `SSL/TLS`. पाठवण्यासाठी एकतर 465 सोबत `SSL/TLS`, नाहीतर 587 सोबत `STARTTLS`. फरक असा की 465 वर पहिल्या क्षणापासून बोलणं कुलूपबंद असतं. 587 वर आधी उघडं ‘नमस्कार, कोण तुम्ही’ होतं आणि मग कुलूप लागतं. जोडी उलटी बांधली की काय होतं ते ओळखता येतं. 465 ला `STARTTLS` लावलं तर प्रोग्रॅम सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघतो, सर्व्हर कुलपाची वाट बघतो, दोघंही गप्प, आणि मिनिटभराने ‘टाइमआउट’. 587 ला `SSL/TLS` लावलं तर उलट, लगेच कनेक्शन तुटतं. म्हणजे बराच वेळ नुसतं फिरत राहिलं किंवा पटकन फेकून दिलं, तर पासवर्डला हात लावू नका, आधी ही जोडी बघा.

पोर्ट 25 कुठल्या जुन्या माहितीपत्रकात दिसलं तर सोडून द्या. ते सर्व्हरने सर्व्हरशी बोलण्याचं पोर्ट आहे, आणि स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी ते बंदच ठेवतात.

चौथा रकाना `Authentication method`. हल्लीच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

‘माझा पासवर्ड बरोबर आहे, तरी नाही म्हणतं’

या रकान्यात साधारण तीन गोष्टी दिसतात. `Normal password` म्हणजे प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड जसाच्या तसा सर्व्हरला देतो. नाव ऐकून धसका घ्यायचं कारण नाही, वर कुलूप लावलेलं असेल तर तो वाटेत कोणाला वाचता येत नाही. `Encrypted password` ऐकायला जास्त सुरक्षित वाटतं, म्हणून लोक हौसेने तेच निवडतात. पण ही जुनी पद्धत आहे, बहुतेक सर्व्हर तिला ओळखत नाहीत आणि लॉगिन अडतं. स्वतःच्या डोमेनच्या मेलसाठी जवळजवळ नेहमी `Normal password` हेच उत्तर.

तिसरी `OAuth2`. यात प्रोग्रॅमला पासवर्ड दिलाच जात नाही. तो ब्राउझरसारखी एक खिडकी उघडतो, तुम्ही जीमेलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या पानावर लॉगिन करता, मोबाइलवरचा कोड देता आणि ते पान प्रोग्रॅमला एक परवाना देतं. पुढे तो परवाना दाखवूनच काम चालतं.

गंमत अशी की मोठ्या सेवांनी साध्या पासवर्डचा रस्ताच बंद केलाय. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी 30 मे 2022 पासून, आणि आउटलुक डॉट कॉमने 16 सप्टेंबर 2024 पासून. त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्रॅम एका सकाळी पासवर्ड मागू लागतो. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असतो, वेबमेलही उघडते, पण हा रकाना `Normal password` वर अडकलेला असतो. कितीही वेळा टाका, उपयोग नाही.

जीमेलसाठी थंडरबर्डमध्ये करायचं ते असं. येणाऱ्या सर्व्हरला `imap.gmail.com`, 993, `SSL/TLS`, `OAuth2`. जाणाऱ्याला `smtp.gmail.com`, 465, `SSL/TLS`, `OAuth2`. दोन्हीकडे बदला, एकीकडे बदलून थांबू नका. मग `Settings` मध्ये `Privacy & Security` च्या पानावर `Saved Passwords` उघडा आणि त्या खात्याच्या `imap://` आणि `smtp://` ने सुरू होणाऱ्या जुन्या नोंदी पुसा. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे गूगलचं लॉगिनचं पान समोर येईल. ते पान आलं पण लॉगिन होऊनही पुढे सरकत नसेल, तर त्याच `Privacy & Security` मध्ये कुकीज बंद केलेल्या आहेत का ते बघा. कुकीजशिवाय हे पान काम पुरं करू शकत नाही.

प्रोग्रॅम जुना असेल आणि `OAuth2` दिसतच नसेल, तर जीमेल आणि याहूला अजून एक मधला मार्ग आहे: अ‍ॅप पासवर्ड. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन तो तयार करायचा. गूगलचा सोळा अक्षरी असतो आणि त्यासाठी आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी लागते. मग `Normal password` ठेवून, नेहमीच्या पासवर्डच्या जागी ही सोळा अक्षरं टाकायची. एक खाच लक्षात ठेवा: गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की हे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. ‘काल पासवर्ड बदलला आणि आज मेल बंद’ अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. आउटलुक डॉट कॉमला मात्र या आडवाटेवर विसंबू नका, तिथे `OAuth2` जाणणारा प्रोग्रॅमच लागतो.

आकडा वाचा

पाठवताना अडलं की एररच्या संदेशात बहुतेकदा तीन अंकी आकडा असतो. लोक तो वाचत नाहीत, फक्त ‘एरर आला’ म्हणतात. तुम्ही तो लिहून घ्या.

`535` म्हणजे सर्व्हरने नाव-पासवर्ड ऐकले आणि नाकारले. म्हणजे पोर्ट आणि कुलूप ठीक आहे, गाडी लॉगिनपर्यंत पोचली. `534` सोबत `Application-specific password required` असेल तर वरचा अ‍ॅप पासवर्डचा भाग वाचा. `530` म्हणजे तुम्ही लॉगिन न करताच पाठवू बघताय, पद्धतीच्या रकान्यात `No authentication` राहिलंय, नाहीतर कुलूपच लावलेलं नाही. आणि `550` किंवा `553` आला तर पासवर्डवर संशय घेणं सोडा. तो बहुधा पत्त्यांवरचा आक्षेप असतो: समोरचा पत्ता अस्तित्वात नाही, किंवा तुम्ही एका खात्याने लॉगिन करून दुसऱ्याच पत्त्याच्या नावाने मेल पाठवताय. चार ने सुरू होणारे आकडे तात्पुरते असतात, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

एक प्रत्यक्ष किस्सा

मित्राच्या वडिलांचा फोन आला. त्यांचं स्वतःचं डोमेन आहे, लहानशी होस्टिंग कंपनी आहे. म्हणाले, “अरे, सकाळपासून मेल येतायत, पण एकही जात नाही. पासवर्ड विचारतंय. वीसेक वेळा टाकला असेल.”

“काका, वेबमेल उघडतंय का ब्राउझरमध्ये?”

“हो, तिथे सगळं छान.”

म्हणजे पासवर्ड बरोबर. मी त्यांना खिडकीवरचं नाव वाचायला सांगितलं. दोन्ही सर्व्हरचं नाव `mail.` नेच सुरू होणारं, त्यामुळे त्याने काही कळेना. खिडकी पाठवतानाच येते आणि आकडा `535` आहे, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. मग तळाची `Outgoing Server` ची ओळ उघडायला लावली. पोर्ट 587, `STARTTLS`, `Normal password`, सगळं जागच्या जागी. युजरनेम मात्र नुसतं `info`.

“हे तर वर्षानुवर्षं असंच आहे,” काका म्हणाले. ते खरंच होतं. पण आदल्या आठवड्यात कंपनीने सर्व्हर बदलला होता आणि ‘युजरनेम म्हणून पूर्ण पत्ता टाका’ अशी सूचना पाठवली होती. काकांनी ती पाळलीही होती, वरच्या पानावर, फक्त येणाऱ्या मेलसाठी. खालचं दार जुन्याच नावाने ठोठावत होतं.

आम्ही पूर्ण पत्ता टाकला, जुनी `smtp://` नोंद पुसली, प्रोग्रॅम पुन्हा उघडला, पाठवा दाबलं. आणि नाही गेली! काका वैतागले, मीही क्षणभर गोंधळलो. पण संदेश या वेळी वेगळा होता. `535` नव्हता, बराच वेळ फिरून ‘टाइमआउट’ येत होता. सेटिंग सुधारल्यावर दोष बदलला, तर आधीचा दोष सुटला आणि त्याच्या मागचा उघडा पडला असं समजावं.

मागे काय असेल? सर्व्हरपर्यंत पोचतोय का हे बघायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एक ओळ पुरते:

```
Test-NetConnection mail.example.com -Port 587
```

उत्तराच्या शेवटी `TcpTestSucceeded : True` हवं. मॅक किंवा लिनक्सवर तेच काम ही ओळ करते:

```
nc -vz mail.example.com 587
```

काकांकडे उत्तर आलं `False`. मग त्यांना म्हटलं, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तीच ओळ पुन्हा चालवा. आता `True`, आणि मेल झटक्यात गेली. म्हणजे सर्व्हर चालू होता, पण घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता त्याने पाठवण्याच्या दारावर अडवला होता. सकाळपासूनच्या वीस फसलेल्या प्रयत्नांमुळे सर्व्हरला वाटलं की कोणी पासवर्ड ओळखायचा खेळ करतंय. बऱ्याच सर्व्हरवर अशी राखण असते: ठरावीक वेळात ठरावीक चुका झाल्या की तो आयपी काही काळ बंद.

असा अडसर सहसा थोड्या वेळाने आपोआप उठतो. काकांचा उठेना. तासाभराने पुन्हा बघितलं तरी `False`. तेव्हा विचारलं, “काका, हेच खातं आणखी कशावर आहे का?” टॅबलेटवर होतं, त्याच घरच्या वायफायवर, आणि त्याच्या आउटबॉक्समध्ये सकाळची एक मेल लटकलेली होती. टॅबलेट मूकपणे दर थोड्या वेळाने ती पाठवायचा प्रयत्न करत होता, तेही जुन्याच `info` ने. प्रत्येक फसलेला प्रयत्न शिक्षा वाढवत होता. टॅबलेटवरचं पाठवण्याचं युजरनेम दुरुस्त केलं, त्याचं वायफाय तासभर बंद ठेवलं, आणि मग घरच्या इंटरनेटवरून मेल सुरळीत जाऊ लागली. होस्टिंग कंपनीला फोन करून आयपी सोडवून घेता आला असता, पण टॅबलेट तसाच ठेवून तो पुन्हा अडकलाच असता.

या किश्शातून मी स्वतःपुरती एक सवय लावून घेतली आहे: दोनदा फसलं की तिसऱ्यांदा पासवर्ड टाकायचा नाही. खिडकीवर `Cancel` दाबायचं, खातं असलेली बाकीची उपकरणं इंटरनेटपासून तोडायची आणि मग शांतपणे चार रकाने बघायचे.

प्रमाणपत्राचा अडथळा

कधी पासवर्डऐवजी ‘प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’ अशा अर्थाची सूचना येते, आणि ती बाजूला सारली की पासवर्डची खिडकी. प्रमाणपत्र म्हणजे सर्व्हरने दाखवलेलं स्वतःचं ओळखपत्र. आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. बॅटरी गेलेल्या जुन्या यंत्रावर ती अनेक वर्षं मागे गेलेली असते आणि मग प्रत्येक प्रमाणपत्र खोटं ठरतं. तारीख बरोबर असेल तर सर्व्हरचं नाव बघा. तुम्ही `mail.` पुढे आपलं डोमेन टाकलेलं असतं, पण प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाने निघालेलं असतं. सूचनेतच ते खरं नाव दिसतं. कंपनीच्या मदतीच्या पानावर तेच नाव दिलंय याची खात्री करून, सर्व्हरच्या रकान्यात ते टाका. ‘अपवाद म्हणून चालू द्या’ असं बटण दाबायचा मोह होतो, पण त्याच सूचनेआड कोणी मधला माणूसही बसलेला असू शकतो, आणि त्याला तुमचा पासवर्ड तुम्ही स्वतःच हातात द्याल.

नाव आणि तारीख दोन्ही बरोबर असून सूचना येतच राहिली, तर अँटिव्हायरसमधली मेल तपासण्याची सोय पाच मिनिटांसाठी बंद करून बघा. ती स्वतःचं प्रमाणपत्र मध्ये घुसवते आणि मेलचा प्रोग्रॅम त्याला ओळखत नाही. बंद केल्यावर मेल गेली तर दोषी सापडला. तेवढाच भाग बंद ठेवा, सगळा अँटिव्हायरस काढायची गरज नाही.

इतकं करूनही अडलंच, तर कंपनीला फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या: वेबमेल उघडते की नाही, अडतंय ते येताना की जाताना, एररचा पूर्ण मजकूर आकड्यासकट, आणि हॉटस्पॉटवर काय होतं. ‘पासवर्ड घेत नाही’ एवढंच सांगितलंत तर पलीकडचा माणूस पासवर्ड बदलून देईल, आणि तुम्ही सकाळच्याच खिडकीसमोर परत येऊन बसाल.